चाळीस जण होते, म्हणूनच उशीर झाला

वर्षावासातली गोष्ट. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चाललं होतं. चाळीसेक माणसं असतील. मागच्या सतरंजीवर बसलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा अचानक ताठ झाला, आडवा पडला आणि त्याचे हातपाय झटके देऊ लागले. तोंडाला फेस आला. वाचन थांबलं, सगळे उठून उभे राहिले. कुणी चप्पल आणायला धावलं, कुणी कांदा. एका काकांनी त्याच्या दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला, त्यात त्याच्या ओठातून रक्त आलं.

निरोप मिळाल्यावर आम्ही पोहोचलो, तेव्हा पहिले झटके थांबले होते, पण पोरगा शुद्धीवर नव्हता आणि दुसऱ्यांदा आकडी सुरू होत होती. आम्ही विचारलं, "१०८ ला फोन केला का?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सेक्रेटरींना वाटलं होतं, मुलाच्या चुलत्यांनी केला असेल. चुलत्यांना वाटलं, सेक्रेटरींनी केला असेल. दारात उभ्या पोरांच्या हातात मोबाईल होते, पण एवढी मोठी माणसं आहेत म्हटल्यावर आपण कशाला मध्ये बोलायचं, असं त्यांना वाटलं. पंधरा-वीस मिनिटं गेली होती आणि फोन कुणीच केला नव्हता. मुलगा वाचला, हे नशीब नव्हे, योगायोग म्हणू.

नंतर वस्तीत बोलणं सुरू झालं की माणुसकी राहिली नाही. आम्हाला हे पटत नाही. त्या रात्री विहारातल्या आयाबायांचे हात थरथरत होते, दोघी रडत होत्या. निष्ठुर माणसाचे हात थरथरत नाहीत. मग अडलं कुठे?

याचं उत्तर फार पूर्वी शोधलं गेलं आहे, आणि तेही फिटचंच उदाहरण घेऊन. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज नावाच्या तरुणीचा घराजवळ खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी पाहिलं आणि कुणी हललं नाही, असं वर्तमानपत्रात आलं. ती बातमी बरीच फुगवलेली होती हे पुढे उघड झालं. एक शेजारीण तर धावत खाली गेली होती आणि तिनं तिला जवळ धरून ठेवलं होतं. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि ते १९६८ साली प्रसिद्ध झाले.

त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींना वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटं बसवलं आणि माईकवरून आपापसांत बोलायला सांगितलं. मध्येच एका आवाजाला फिट आल्याचं ऐकू येई. तो अडखळत मदत मागे. हा आवाज आधीच रेकॉर्ड केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ज्यांना वाटत होतं की हे फक्त आपणच ऐकतोय, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के उठले. माणसं तीच, आवाज तोच. जे उठले नाहीत त्यांच्या तळव्यांना घाम सुटला होता आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, तो बरा आहे ना? म्हणजे काळजी होती. फक्त ती जबाबदारी मनातल्या मनात पाच जणांत वाटली गेली होती, आणि पाचवा हिस्सा कुणालाच खुर्चीवरून उठवायला पुरला नाही.

विहारात तर ती चाळिसांत वाटली गेली. त्यात आणखी एक गोष्ट घडते. काय चाललंय हे कळत नाही, तेव्हा आपण दुसऱ्यांचे चेहरे वाचतो. दुसरेही आपलाच चेहरा वाचत असतात. कुणीच हलत नाही, म्हणजे फार गंभीर नसेल, असा सगळे मिळून चुकीचा अर्थ काढतात. आपल्याकडे याच्यात मानाची आणि भीतीची भर पडते. कार्यकर्ते समोर असताना सुनेनं कसं बोलायचं? पोलिसांनी नाव लिहून घेतलं तर? अपघातापुरतं बोलायचं तर ही भीती आता ठेवू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं, सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होऊ शकत नाही आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

गर्दी नेहमीच गप्प राहते असं मात्र नाही. काही देशांत रस्त्यावरच्या भांडणांचं कॅमेऱ्यांतलं चित्रण तपासलं, तेव्हा दहांतल्या नऊ प्रसंगांत कुणीतरी मध्ये पडलेलं दिसलं. भांडण डोळ्यांना कळतं. फिट, पक्षाघात, साखर उतरून येणारी भोवळ कळत नाही, आणि माणसं तिथेच अडतात.

त्या संध्याकाळी वाचन कुठल्या प्रकरणाचं होतं ते आम्हाला आठवत नाही. पण त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी आजारी भिक्खूची गोष्ट दिली आहे. अतिसारानं तो आपल्याच घाणीत पडला होता. भोवती भिक्खूसंघ होता, पण सेवेला कुणी नव्हतं. तथागतांनी स्वतः पाणी ओतलं आणि आनंदांबरोबर त्याला स्वच्छ केलं. ही गोष्ट आपण करुणेसाठी सांगतो आणि पुढचा भाग सोडून देतो. विनयात पुढे नेमून दिलं आहे की आजाऱ्याची सेवा उपाध्यायानं करावी, आचार्यानं करावी, शिष्यानं करावी, आणि यांपैकी कुणी नसेल तर संघानं. सगळ्यांनी दया दाखवा एवढ्यावर तथागत थांबले नाहीत. त्यांनी माणूस नेमला.

त्या रात्री आम्हीही तेवढंच केलं. "कुणीतरी फोन करा" असं म्हटलं नाही, कारण कुणीतरी नावाचा माणूस वस्तीत राहत नाही. दारातल्या एका मुलाकडे बोट दाखवून म्हटलं, "निळा शर्ट, तू १०८ लाव. फिट आलीय, शुद्ध नाही, दुसरी सुरू आहे, एवढं सांग. फोन लागला की मला येऊन सांग." दुसऱ्याला म्हटलं, "तू गल्लीच्या तोंडाशी उभा राहा, गाडी आत आण." एका ताईंना घड्याळ दिलं. आम्ही मुलाच्या डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली, जवळची लोखंडी खुर्ची सरकवली, गळ्याजवळचं बटण काढलं. झटके देणारे हातपाय कुणाला दाबू दिले नाहीत. चप्पल, कांदा बाजूला. तोंडात काही नाही, चमचा नाही आणि पाणीही नाही. झटके थांबल्यावर लाळ बाहेर पडावी म्हणून त्याला कुशीवर वळवलं आणि श्वास पाहत बसलो.

घड्याळ यासाठी की बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपुढे चालली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, आयुष्यात पहिल्यांदाच आली, बाई गरोदर असली किंवा पडून मार लागला, तर गाडी बोलवायचीच. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि गर्दीत प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर समितीत आम्ही विषय मांडला. विहाराच्या फळ्यावर आता दर महिन्याला दोन नावं लिहिली जातात, एक फोन करणाराचं आणि एक गल्लीच्या तोंडाशी जाणाराचं. ती दोघं हजर नसली तर त्या दिवशी कोण, हे वंदनेआधी विचारलं जातं. एक ज्येष्ठ उपासक रागावले, "विहारात आजाराची नावं कशाला?" तो वाद अजून मिटलेला नाही. या महिन्यात फळ्यावर पहिलं नाव त्या निळ्या शर्टवाल्याचं आहे.