तपासणी दारावर, पेपर डोक्यात

मागच्या नीटच्या आधी माझी भाची महिनाभर माझ्याकडे बीडला राहायला होती. दर रविवारी दोन ते पाच या वेळेत ती जुना पेपर सोडवायची आणि रात्री मी तो तपासायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे चुकांकडे बघायची एक सवय लागली आहे. चूक झाली एवढ्यावर मी थांबत नाही. ती कुठे झाली, कोणत्या क्रमाने झाली आणि त्याच्या आधी काय घडलं, ते बघते.

एका रविवारी तिच्या पेपरात सलग तीन प्रश्न चुकले होते आणि तिन्ही तिला येणारे होते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "खाला, तेव्हा मामूंचे दोस्त आले होते. अम्मीचा फोन चालू होता, ती म्हणाली ओढणी नीट घे, पाठ दिसतेय. मग ते जाईपर्यंत माझं लक्ष पाठीवरच होतं."

त्या खोलीत तिला कुणी काही बोललं नव्हतं. पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलंही नसेल. तरी तीन प्रश्न गेले. आजचं संपादकीय या तीन प्रश्नांविषयी आहे.

मानसशास्त्रात याला स्व-वस्तूकरण म्हणतात. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोन अमेरिकन संशोधिकांनी १९९७ साली हा सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. मुलगी लहानपणापासून बघत असते की लोक तिला आधी शरीर म्हणून पाहतात, जोखतात, त्यावर बोलतात. हळूहळू ती नजर बाहेरून आत येते. मग बघणारं कुणी नसलं तरी ती स्वतःच स्वतःला बाहेरून बघत राहते. कशी बसले आहे, काय दिसतंय, काय सरकलंय, हा पहारा मनात चालूच राहतो. त्यातून लाज आणि धास्ती येते हा सिद्धांताचा एक भाग. दुसऱ्या भागाची चर्चा कमी होते, तो म्हणजे या पहाऱ्यामुळे हातातल्या कामावरचं लक्ष तुटतं.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह हे तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना एकेकटं एका खोलीत पाठवलं. खोलीत आरसा होता. काहींना स्वेटर घालायला दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच त्यांना गणिताचे प्रश्न सोडवायला लावले. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या गुणांत तसा फरक पडला नाही. पोहण्याच्या पोशाखात मुलंही ओशाळली होती, पण त्यांना ते गमतीचं वाटलं. मुलींना शरम वाटली. खोलीत त्यांच्याकडे बघणारं कुणीच नव्हतं, हे विसरू नका.

यावर एक शंका लगेच येते. गणित म्हटलं की मुली घाबरतात, त्यामुळेच असं झालं असेल. म्हणून २००६ मध्ये डायन क्विन आणि सहकाऱ्यांनी गणित बाजूलाच ठेवलं. रंगांची नावं वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेली असतात, आणि अक्षरं न वाचता शाईचा रंग पटकन सांगायचा असतो, अशी एक जुनी चाचणी आहे. ती निव्वळ एकाग्रतेची आहे. त्यातही पोहण्याच्या पोशाखातल्या मुली मंदावल्या. म्हणजे अडचण गणितातली नव्हती, लक्षातली होती.

लक्ष तुटलं म्हणजे नेमकं काय होतं, ते एका सोप्या प्रश्नावर बघू. विहिरीत दगड सोडला, तो ३ सेकंदांनी पाण्यावर पडला, गुरुत्वीय त्वरण १० धरायचं, तर पाणी किती खोल? मुलीने डोक्यात चार गोष्टी धरायच्या असतात. सुरुवातीचा वेग शून्य. वेळ ३. सूत्रात वेळेचा वर्ग आहे. आणि समोर अर्धा आहे. तीनचा वर्ग नऊ, दहाचा अर्धा पाच, पाच नव्वे पंचेचाळीस. उत्तर ४५ मीटर. अशा गोष्टी क्षणभर धरून ठेवणारी मनातली पाटी फार लहान असते, एका वेळी तिच्यावर मोजक्याच गोष्टी मावतात. "पाठ दिसतेय का" हा प्रश्न त्याच पाटीवर येऊन बसला, की एक-दोन गोष्टी पुसल्या जातात. वर्ग पुसला जातो, त्याच्यासोबत अर्धाही. मग दहा गुणिले तीन, तीस. तीस हा पर्यायांत असतोच, कारण तो त्या क्षणीचा वेग आहे आणि पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते. मुलीला सूत्र येत होतं. तिची जागा गेली होती.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं तर १ कापला जातो. म्हणजे येणाऱ्या प्रश्नात झालेली अशी एक घसरण ५ गुणांची पडते. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. त्यात लक्ष गेलं आणि परत आलं, याचा वेळ कुठेही धरलेला नाही.

आता परीक्षाकेंद्राच्या दारावर या. १७ जुलै २०२२ ला झालेल्या नीटच्या वेळी केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मुलींना धातूचा हूक असलेली अंतर्वस्त्रं काढून पेपरला बसायला लावल्याची तक्रार झाली. गुन्हा दाखल झाला, काही जणांना अटक झाली, आणि त्या मुलींची परीक्षा ४ सप्टेंबरला पुन्हा घ्यावी लागली. त्याच दिवशी आपल्या वाशीममध्ये एका केंद्रावर मुस्लिम मुलींना हिजाब-बुरखा काढायला लावल्याची तक्रार पोलिसांत गेली. २०२३ मध्ये सांगलीतल्या एका केंद्रावर मुलींना कपडे उलटे करून घालायला लावल्याच्या तक्रारी आल्या.

या तिन्ही वेळी चर्चा झाली ती अब्रूची आणि धर्मस्वातंत्र्याची. ती व्हायलाच हवी होती. पण गुणांची चर्चा जवळजवळ झालीच नाही. प्रयोगशाळेत जे कपडे बदलून, आरसा ठेवून मुद्दाम घडवावं लागलं, ते इथे दारावर आपोआप घडलं, आणि त्यानंतर लगेच हातात पेपर दिला गेला. अंगावरचं नेहमीचं काहीतरी काढून, अनोळखी हॉलमध्ये, अनोळखी मुलांच्या रांगेत बसलेली मुलगी पहिला अर्धा तास कशाचा विचार करत असेल? कोल्लमच्या मुलींना पुन्हा परीक्षा मिळाली, म्हणजे हे नुकसान कुठेतरी मान्य झालं. बाकीच्यांचे गुण जे लागले तेच राहिले.

इथे मला दोन गोष्टी प्रामाणिकपणे मांडायच्या आहेत. पहिली, या सिद्धांताच्या मर्यादा. हे प्रयोग बहुतेक अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाले, गट लहान होते. त्यांतून परीक्षेतले इतके गुण गेले असा हिशेब निघत नाही. ओढणीवरच्या टोमण्याने नेमकं किती नुकसान होतं, हेही त्या प्रयोगांनी मोजलेलं नाही. पोशाखावरून ओढणीपर्यंतची उडी माझी आहे. आणि हा बाईच्या स्वभावाचा दोषही नाही. २००४ मध्ये मिशेल हेबल आणि सहकाऱ्यांनी पुरुषांना पोहण्याची तंग चड्डी घालायला लावली, तेव्हा त्यांचेही गुण घसरले. ज्याच्या शरीरावर नजर रोखली जाते, त्याचं लक्ष तुटतं. आपल्याकडे ती नजर बहुतेक वेळा मुलीवर असते, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे, आणि ती कडू लागेल. अमेरिकेतल्या ११८ मुस्लिम स्त्रियांच्या २०११ मधल्या एका अभ्यासात हिजाब घेणाऱ्या स्त्रियांनी आपल्याला वस्तूसारखं वागवलं जाण्याचे अनुभव कमी सांगितले. हे वाचून आपण पटकन म्हणतो, बघा, आमचंच बरोबर. पण त्या अभ्यासात फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय कापड आणि कापडावरची टेहळणी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मुलीने आपल्या मनाने स्कार्फ घेतला, पिन लावली आणि ती विसरून गेली, तर पाटी मोकळी आहे. पण तोच स्कार्फ दर दहा मिनिटांनी कुणीतरी तपासत असेल, केस दिसले म्हणून टोकत असेल, तर तिच्या डोक्यात तोच पहारा बसतो, जो केंद्रावरच्या माणसाने "काढ" म्हणून बसवला. "काढ" म्हणणारा आणि "नीट घे" म्हणणारा, दोघांचे हेतू वेगळे असतील. मुलीच्या त्या एका मिनिटाचं मात्र सारखंच होतं. माझ्या भाचीचे तीन प्रश्न कुठल्या सरकारी यंत्रणेने घेतले नव्हते. ते आम्ही घेतले होते.

म्हणून मागण्या दोन्हीकडे आहेत. परीक्षा यंत्रणेच्या नियमांतच लिहिलं आहे की मुलींची झडती बंद आडोशात, महिला कर्मचाऱ्यांनीच घ्यायची, आणि पारंपरिक पोशाख असलेल्यांनी लवकर यायचं. प्रत्येक केंद्रावर तो आडोसा खरंच उभा आहे का, हे पालकांनी आणि संघटनांनी परीक्षेच्या आधी जाऊन बघावं. झडती एकदाच आणि पेपरच्या बऱ्याच आधी व्हावी, म्हणजे मन जागेवर यायला वेळ मिळेल. हॉलमध्ये एकदा पेपर हातात पडला, की पोशाखावर एक शब्दही नको.

आणि आपल्या अभ्यासिकांत, घरांत, तोच नियम. जे सांगायचं ते अभ्यासाआधी सांगा, किंवा सांगूच नका. मुलीची खुर्ची अशी ठेवा की तिची पाठ दाराकडे नसेल. दारात चपलांचा आवाज झाला म्हणून तिला मान वळवावी लागू नये. चुका तपासताना किती चुकले यासोबत कधी चुकले तेही लिहा. येणारे प्रश्न एका जागी सलग चुकलेले दिसले, तर त्या वेळी खोलीत कोण आलं होतं, काय बोललं गेलं, ते मुलीला विचारा. उत्तर बहुतेक वेळा पुस्तकात सापडणार नाही.

आमच्या घरी आता रविवारी दोन ते पाच दार लोटलेलं असतं. पाहुणे आले तर बाहेर ओट्यावर बसतात, चहा तिथेच मिळतो. अम्मीचा फोन पाचनंतर येतो.