बोट चुकते की डाव?

टॅबवर पहिल्यांदाच खेळू लागलेल्या ज्येष्ठांची तक्रार बहुधा एकच असते, 'मला हे जमत नाही.' ती ऐकणाऱ्या मुलांना वाटते, नियम समजले नसतील. स्वतः ज्येष्ठांना वाटते, आता बुद्धी चालेनाशी झाली. प्रत्यक्षात अडचण पुष्कळदा डोक्यात नसून बोटाच्या टोकाशी असते.

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या, कारकुनीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. कार्यालयातील संगणकावर ते 'सॉलिटेअर' हा पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव वर्षानुवर्षे खेळत. सन 1990 पासून विंडोजबरोबर येणारा हा खेळ अनेक निवृत्तांच्या परिचयाचा आहे. मुलीने टॅब आणून दिला आणि त्यावर मात्र पत्ते भलत्याच जागी पडू लागले. आपली स्मरणशक्ती ढासळत आहे, अशी त्यांची खात्रीच झाली. मी त्यांना डावाचा नियम विचारला. 'काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी, रिकाम्या जागी फक्त राजा,' हे त्यांनी क्षणात सांगितले. नियम शाबूत होते. हाताला मात्र बारीक कंप होता आणि बोटांची कातडी कोरडी पडली होती.

टॅबचा पडदा दाब ओळखत नाही. बोटाच्या स्पर्शाने पडद्यावरील सूक्ष्म विद्युतभारात होणारा बदल तो टिपतो. म्हणून नखाने टोचून काही होत नाही, आणि अतिशय कोरड्या त्वचेचा स्पर्श कधी नोंदवलाच जात नाही. मग मनुष्य अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतो; टॅब त्याला निराळीच आज्ञा समजतो. कंपामुळे एका स्पर्शाचे दोन होतात, आणि पत्ता ओढत नेताना बोट निमिषभर उचलले गेले की तो मध्येच सुटतो.

यावर आम्ही चार गोष्टी केल्या. पहिली, खेळण्याआधी हाताला थोडे मलम चोळून ते पूर्ण जिरू द्यायचे आणि बोटाच्या पेराचा मांसल भाग हलकेच टेकवून उचलायचा. दुसरी, टॅब आडवा ठेवायचा. सॉलिटेअरमध्ये पत्त्यांच्या सात रांगा असतात. दहा इंची टॅब उभा धरला तर प्रत्येक रांगेच्या वाट्याला जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदी येते. आडवा ठेवल्यावर ती सुमारे तीन होते. तिसरी, पत्ता ओढण्याऐवजी नुसत्या स्पर्शाने योग्य जागी जाईल, असा खेळ निवडायचा. चौथी, वारंवार होणारे स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोय चालू करायची. सॅमसंगच्या अनेक टॅबमध्ये Settings मधील Accessibility या विभागात Ignore repeated touches या नावाने ती सापडते; आयपॅडमध्ये Touch Accommodations खाली Ignore Repeat असते. अर्ध्या सेकंदापासून आरंभ करून सोयीनुसार बदल करावा.

काळजी घेणाऱ्यांनी खेळ निवडताना तो आधी स्वतः एकदा खेळून पाहावा. घड्याळ लावलेला नसावा, चाल मागे घेण्याचे बटण ठळक असावे, आणि गठ्ठ्यातून एका वेळी एकच पत्ता उलटावा. तीन उलटणारा प्रकार नवख्यासाठी कठीण आहे. जाहिरात बंद करण्याची फुली बहुधा इवलीशी असते, तिच्यावर कापरे बोट नेमके पडत नाही. इंटरनेटविना चालणारा खेळ घेऊन वाय-फाय बंद ठेवले, की हा उपद्रव बराच टळतो. खरेदीसाठी पासवर्ड लागेल अशी व्यवस्थाही करून ठेवावी.

टॅब मांडीवर ठेवू नये, मान वाकते. टेबलावर तिरपा टेकवावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि वीस मिनिटांत मान दुखू लागते. अशा वेळी टॅब थोडा खाली सरकवावा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. सॉलिटेअरचा प्रत्येक डाव सुटणारा नसतो. अडलेला डाव हा दुबळ्या बुद्धीचा पुरावा नव्हे. मात्र वर्षानुवर्षे पाठ असलेला नियम आठवेनासा झाला, बदाम आणि इस्पिक यांतला फरक उमगेना, किंवा हाताचा कंप वाढू लागला, तर खेळ बदलून भागणार नाही. तपासणी करून घ्यावी. आणि एका बाजूचा हात एकाएकी लुळा वाटू लागला, तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

आमच्या गृहस्थांचे पत्ते आता बहुतेक वेळा योग्य जागी पडतात. डाव ते पूर्वीइतकेच हरतात.