पाळणाघराचे घड्याळ आणि नातीची झोप

पुण्याच्या रविवार पेठेत कापडाचे दुकान असलेल्या एका कुटुंबातील ही हकिकत आहे. घरातील सून चार्टर्ड अकाउंटंट, नोकरी स्वारगेटजवळच्या कार्यालयात. प्रसूतीची २६ आठवड्यांची भरपगारी रजा संपल्यावर तिने आणखी काही महिने बिनपगारी रजा काढली आणि मुलगी अकरा महिन्यांची झाल्यावर ती कामावर रुजू झाली. मुलगा सकाळी दहाला दुकान उघडतो आणि रात्री साडेनऊला घरी येतो. आजींचे गुडघे दिवसभर नातीमागे धावू देत नाहीत. म्हणून घराजवळचे एक पाळणाघर ठरले, आणि दहाव्या दिवशी तेथील ताईंनी सुनेला थांबवून सांगितले, "सगळी मुलं झोपतात तेव्हा ही रडते, मग बाराच्या बारा मुलं उठतात. अजून पंधरा दिवस बघू. नाही जमलं तर तुम्ही दुसरी सोय बघा." त्या रात्री सुनेने राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला.

वस्तुतः मुलगी हट्टी नव्हती. तिच्या दिवसाचा हिशेब मांडला असता दोष कोठे आहे ते स्पष्ट दिसत होते. वडिलांची भेट व्हावी म्हणून घरी तिला रात्री दहापर्यंत जागे ठेवीत. ती सकाळी साडेसातला उठे, साडेदहाला झोळीत झोपे, पावणेबाराला उठे आणि पुन्हा दुपारी साडेतीन ते सव्वापाच झोपे. पाळणाघरात मात्र पावणेबाराला जेवण आणि साडेबारा ते अडीच सर्वांची एकच झोप असे. साडेदहाला तेथे खेळाचा गलका चालू असल्याने तिला झोप लागत नसे. अखेर अकराला ती ताईंच्या खांद्यावर पेंगे आणि अकरा चाळीसला उठे. साडेबाराला दिवे मालवले जात, तेव्हा तिला जागी होऊन जेमतेम पन्नास मिनिटे झालेली असत. अशा वेळी कोणत्याही मुलाला झोप येणार नाही. मग पावणेचारला ती अगदी थकून झोपे, सव्वापाचला उठे आणि रात्री साडेदहा वाजले तरी टक्क जागी राही. दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा तसेच.

बाळाला झोप दोन कारणांनी येते. एक म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा भार आणि दुसरे शरीरातील दिवस-रात्रीचे घड्याळ, जे मुख्यतः सकाळच्या उजेडावर लागते. अकरा-बारा महिन्यांचे मूल साधारणपणे तीन ते चार तास सलग जागे राहू शकते. त्याहून फार कमी जागले तर झोप लागत नाही. फार जास्त जागले तर ते चिडचिडे होते, झोपले तरी पाऊण तासात उठते आणि रात्रीही वारंवार जागे होते. याचा अर्थ असा की साडेबाराला झोप यावी असे वाटत असेल, तर साडेबाराला काय करावे हा प्रश्न उशिराचा ठरतो. मूल नऊ-साडेनऊला उठलेले असायला हवे, आणि त्यासाठी दिवसाचा आरंभ कधी व्हावा हे आधी ठरवायला हवे.

येथे घरच्यांना एक गोष्ट मान्य करावी लागली. बारा मुलांची दुपारची झोप एका मुलीसाठी हलणार नाही. ती वेळ पाळणाघराची. घराच्या हातात दिवसाची दोन टोके आहेत, सकाळचे उठणे आणि रात्रीचे निजणे. ती टोके हलवली की मधली झोप आपोआप जागेवर येते.

हिशेब उलटा केला गेला. साडेबाराच्या आधी तीन तास, म्हणजे साडेनऊला सकाळची झोप संपायला हवी. ती अर्ध्या-पाऊण तासाची असली तर नऊच्या सुमारास सुरू व्हायला हवी. आणि त्याआधी पावणेतीन तासांचे जागेपण धरले तर सकाळी सव्वासहाला उठायला हवे. साडेसातवरून एकदम सव्वासहावर उडी घेतली असती, तर मुलीने आठवडाभर साऱ्या घराला वेठीस धरले असते. म्हणून दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे, असे पाच टप्पे ठरले. पंधरा दिवसांची मुदत होती आणि पंधरा दिवसच लागणार होते. उठवताना पडदे बाजूला सारून तिला गॅलरीत उजेडात नेत. सायंकाळी सहानंतर घरातले मोठे दिवे मंद करीत.

सकाळच्या झोपेसाठी ताईंची मदत लागली. पाळणाघर साडेआठला उघडे आणि बहुतेक मुले साडेनऊनंतर येत. तेव्हा नऊ वाजता आतल्या खोलीत तिची गादी घालावी आणि नऊ पस्तीसला तिला हलकेच उठवावे, असे ठरले. यावर आजींचा विरोध होता. "अगं, झोपलेल्या लेकराला का कुणी उठवतं?" हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता; एरवी उठवू नयेच. पण सकाळी सव्वा तास झोपलेले मूल दुपारच्या झोपेचा वाटा आधीच उचलून बसते. हीच झोप आखूड ठेवली तर दुपारची लांबते.

दुसरी अडचण झोळीची होती. लहान मुलाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण पाऊण तासाचे असते. ते संपताच मूल क्षणभर चाळवते. घरी त्या क्षणी आजी झोळीला झोका देत आणि नात पुन्हा झोपी जाई. पाळणाघरात झोका नाही, म्हणून ती चाळीस मिनिटांत रडत उठे. जे झोप लागताना जवळ असते तेच मूल मध्ये चाळवल्यावर शोधते. म्हणून घरीही शनिवारी-रविवारी दुपारची झोप आधी गादीवर आणली गेली. प्रारंभी आजी तिच्याजवळ बसून थोपटीत, मग नुसता हात ठेवीत आणि डोळे पूर्ण मिटण्याआधी हात काढून घेत. पहिल्या रविवारी हे पन्नास मिनिटे चालले, तिसऱ्या रविवारी दहा मिनिटांत आटोपले. गादी मात्र सपाट व घट्ट असावी, मूल पाठीवर निजवावे आणि वर्षाच्या आतील बाळाजवळ उशी, लोड किंवा सैल पांघरूण नसावे. आईचा वास राहावा म्हणून ओढणी पाठवण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असला तरी झोपेच्या जागी, तोंडाजवळ ती नको.

पाळणाघरासाठी एक छोटी वही केली होती. पहिल्या दिवशी सुनेने तिच्यात दिवसभराचे वेळापत्रक सुवाच्य अक्षरात लिहून दिले. तिसऱ्या दिवशी ते निरुपयोगी ठरले, कारण मुलगी त्या दिवशी पाच चाळीसलाच उठली होती. त्यानंतर वहीत चारच नोंदी राहिल्या: सकाळी कधी उठली, सकाळची झोप कधी संपली, दुपारी कधी झोपली, कधी उठली. पहिली नोंद घरच्यांनी करायची, उरलेल्या तीन ताईंनी. "आज पाच चाळीसला उठली" एवढे दारात सांगितले की ताई नऊऐवजी साडेआठला गादी घालीत. दुपारची झोप एका तासाहून कमी झाली, तर साडेतीनला वीस मिनिटांची डुलकी चाले, मात्र चारच्या पुढे नाही. डुलकी लागलीच नाही तर रात्री अर्धा तास लवकर निजवायचे.

दुसऱ्या आठवड्यात सारे जुळत आले असता दोन दिवस अकस्मात बिघडले. नोंदी पाहता दुपार व्यवस्थित होती, तरी मुलगी रात्री नऊपर्यंत झोपली नव्हती. शोध घेता कारण रिक्षात सापडले. साडेपाचला घरी परतताना ती आईच्या कुशीत दहा मिनिटे झोपली होती. एवढी लहान डुलकीही जागेपणाचा भार पुरेसा उतरवते. त्यानंतर परतीच्या वाटेवर तिला तोंड बाहेर करून मांडीवर बसवले जाऊ लागले आणि रस्त्यावरची प्रत्येक गाय मोठ्याने दाखवली जाऊ लागली.

रविवार हा निराळा शत्रू होता. पाहुणे येतात, सकाळी मुलीला साडेसातपर्यंत झोपू देतात, जेवणाला दीड वाजतो. सोमवारी पाळणाघरात ती पुन्हा साडेबाराला जागी. म्हणून सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासाहून अधिक फरक करायचा नाही, असे ठरले. सकाळच्या उठण्यात तेवढाही नाही.

पंधराव्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या: सव्वासहाला उठली, नऊ ते नऊ पस्तीस झोप, बारा चाळीस ते अडीच झोप, रात्री सातला निजली. बेरीज पावणेचौदा तासांच्या आसपास येते. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, त्यात ती नीट बसते. पूर्वीची बेरीज साडेबारा तास होती.

रात्री सात ही वेळ मात्र घराला सहज पचली नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची घराची रीत असल्याने स्वयंपाकघर लवकर मोकळे होई, हे सोयीचेच ठरले. पण वडिलांना मुलगी जागी दिसेना. चार दिवस त्यांनी नऊ तीसला येऊन पाळण्याशी उभे राहून पाहिले. एकदा दिवा लावला आणि ती अकरापर्यंत जागली. अखेर त्यांनीच आपला वेळ सकाळी हलवला. सव्वासहाला मुलीला उठवणे, गॅलरीत नेणे, न्याहारी भरवणे आणि साडेआठला पाळणाघरात पोहोचवणे त्यांच्याकडे आले. दुकान दहालाच उघडते. रात्री मिळत असे तो चिडलेल्या मुलीसोबतचा अर्धा तास होता, आता दोन तासांहून अधिक मिळतात.

हे सारे मूल निरोगी असताना लागू पडते. दात येताना, सर्दी-तापात किंवा लसीकरणानंतरच्या दिवशी हिशेब बाजूला ठेवून ते मागेल तेव्हा झोपू द्यावे. मूल नेहमीपेक्षा फार सुस्त असेल, दूध घेत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि घरी असो वा पाळणाघरात, झोप यावी म्हणून सर्दीच्या औषधाचा चमचा कोणीही देऊ नये. लहान बाळाला त्याने श्वासाचा धोका संभवतो.

नात चौदा महिन्यांची झाली तेव्हा सकाळी नऊला गादीवर नुसतीच लोळू लागली. एखाद-दुसऱ्या दिवशी असे झाले तर दुर्लक्ष करावे. दहा-बारा दिवस सलग झाले, म्हणून ताईंनी ती झोप बंद केली. बहुतेक मुले तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान एका झोपेवर येतात. प्रारंभीचे काही दिवस तिला जेवण सव्वाअकराला देऊन बाराच्या आतच निजवले, मग हळूहळू साडेबारा गाठले. वहीत आता तीनच नोंदी होतात. राजीनाम्याचा मसुदा सुनेच्या लॅपटॉपमध्ये अजून आहे. तो पुसायला तिला सवड झालेली नाही.