ॲडव्हान्स मागणं म्हणजे अविश्वास नव्हे! मॉड्युलर किचनच्या हिशेबातून समजून घ्या टप्प्यांचं गणित

‘आधी काम दाखवा, मग पैसे बघू,’ हे वाक्य ऐकलं नाही असा फर्निचरवाला सापडणं कठीण. बरेच कारागीर संकोचाने पाच-दहा हजारांच्या टोकनवर काम सुरू करतात. माझ्या मते ही पद्धत कारागीर आणि ग्राहक दोघांच्याही तोट्याची आहे.

मापाचं काम वेगळं का?

दुकानातलं तयार कपाट एकाने नाकारलं तर दुसऱ्याला विकता येतं. पण तुमच्या ओट्याखालच्या ७४५ मिलिमीटरच्या जागेसाठी कापलेला प्लायवूड दुसऱ्या घरात बसत नाही. आठ बाय चारची शीट करवतीखाली गेली की तिची बाजारातली किंमत जवळपास संपते. म्हणजे खरी जोखीम कटिंगच्या क्षणी सुरू होते. त्याआधी ॲडव्हान्स हवा, तो याच कारणासाठी.

२ लाखांच्या किचनचा हिशेब

उदाहरणादाखल २ लाखांचं किचन घेऊ. त्यात प्लाय, लॅमिनेट, चॅनल, बिजागऱ्या असा माल १ लाख १० हजारांचा, वर्कशॉपची मजुरी ३५ हजार, वाहतूक आणि फिटिंग १५ हजार. एकूण खर्च १ लाख ६० हजार, कारागिराकडे उरतात ४० हजार.

आता २० हजार टोकनवर काम घेतलं, तर किचन वर्कशॉपमध्ये तयार होईपर्यंत कारागिराचे १ लाख ४५ हजार खर्च झालेले असतात. म्हणजे त्याच्या खिशातले सव्वा लाख अडकतात. ‘अर्धे आधी, अर्धे शेवटी’ ही पद्धत बरी वाटते, पण तिथेही फिटिंग संपेपर्यंत ६० हजार अडकतात. शिवाय भिंतीला ठोकलेलं किचन काढून परत नेता येत नाही.

मग टप्पे कसे पाडायचे?

- माप आणि ड्रॉइंगसाठी १० टक्के : २० हजार
- ड्रॉइंगवर सही झाल्यावर, माल आणण्याआधी ४० टक्के : ८० हजार
- किचन वर्कशॉपमध्ये तयार, ग्राहकाने पाहिल्यावर, गाडीत भरण्याआधी ४० टक्के : ८० हजार
- फिटिंग पूर्ण झाल्यावर १० टक्के : २० हजार

यात वर्कशॉपमध्ये माल तयार असताना कारागिराचे फक्त ४५ हजार अडकतात आणि त्या वेळी माल त्याच्याच ताब्यात असतो. तिसरा हप्ता आला की पूर्ण खर्च निघतो. शेवटचे २० हजार हा त्याच्या नफ्यातला भाग आहे. ते थांबले तर त्याला टोचतं, पण धंदा बुडत नाही.

ग्राहकाला काय मिळतं?

ते शेवटचे २० हजार ग्राहकाच्या हातातली चावी आहे. ड्रॉवर अडकतो, शटरची रेषा जुळत नाही, अशा तक्रारींसाठी कारागीर परत येतो तो त्यामुळेच. ही रक्कम साधारण इतकी असावी, की वेळ आली तर दुसरा सुतार बोलावून उरलेलं काम करून घेता येईल.

ही पद्धत नवीही नाही. फ्लॅट घेताना आपण हेच करतो. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पुढचे हप्ते जोते, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांना बांधलेले असतात. बिल्डरला टप्प्याने पैसे देणाऱ्यांना सुताराची तीच मागणी खटकायला नको.

गाडी कुठे अडते?

टप्पा डोळ्यांना दिसणारा हवा. ‘७५ टक्के काम झाल्यावर’ असं लिहिलं की वाद ठरलेला, कारण ७५ टक्के कोण मोजणार? ‘सर्व बॉक्स आणि शटर तयार’ हे दोघांनाही दिसतं. सहीनंतर ग्राहकाने रंग किंवा माप बदललं, तर त्याचा दर वेगळा आणि आधी लिहून घेतलेला असावा.

ग्राहकानेही काही खुणा ओळखाव्यात. ड्रॉइंगआधीच निम्मी रक्कम मागणं, पावती टाळणं, आधीचा टप्पा अपुरा असताना पुढचा हप्ता मागणं, यातलं काहीही दिसलं तर थांबावं. दुसऱ्या हप्त्यानंतर मालाच्या बिलाचा फोटो मागायला लाजू नये, कारण या रचनेत ग्राहकाची सर्वात मोठी जोखीम तिथेच आहे.

मागायचं कसं?

व्हॉट्सॲपवर इतकं पुरेसं आहे : ‘ताई, ड्रॉइंग फायनल झालं. तुमच्या मापाचा माल कापला की तो दुसरीकडे वापरता येत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे ८० हजार आल्यावर माल आणतो. बिल तुम्हाला पाठवतो. पुढचा हप्ता किचन वर्कशॉपमध्ये तुम्ही पाहिल्यावरच.’

यात विनवणीही नाही आणि दमदाटीही नाही. पैसे कशासाठी आणि त्या बदल्यात काय दिसणार, एवढंच सांगितलं आहे. इतकं ऐकूनही ग्राहक तयार नसेल, तर ते काम शीट कापण्याआधी सोडलेलं बरं.