सेन्सेक्स दुप्पट झाला, तेव्हा मजूर कुठे होता?

23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 26 हजारांच्या आसपास बंद झाला. दहा महिन्यांत, 21 जानेवारी 2021 ला, त्याने 50 हजारांना स्पर्श केला. मधल्या काळात आपले नाका कामगार पायी गावी गेले, आणि 2020-21 मध्ये देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षापेक्षा घटले. मग वाढले काय?

सेन्सेक्स मुंबई शेअर बाजारातल्या फक्त 30 मोठ्या कंपन्यांचे बाजारमूल्य मोजतो. तेही मालकांकडचे शेअर वगळून, खुल्या बाजारात फिरणाऱ्या शेअरचेच. 1978-79 चे मूल्य 100 धरले आहे. ज्या कंपनीचे असे मूल्य मोठे, तिचे वजन जास्त. समजा, एका कंपनीचे वजन 10 टक्के आहे आणि तिचा शेअर 5 टक्क्यांनी वाढला. बाकी 29 कंपन्या जागच्या हलल्या नाहीत, तरी 50 हजारांवरचा निर्देशांक 250 अंकांनी चढतो. टीव्हीवर मात्र ‘बाजारात तेजी’!

शेअरची किंमत म्हणजे कंपनीच्या पुढच्या नफ्याचा अंदाज. मे 2020 मध्ये रेपो दर 4 टक्क्यांवर आला, व्याज स्वस्त झाले, पैसा शेअरकडे वळला. कंपनीने कामगार कमी केले, तरी नफा वाढेल या आशेने भाव चढू शकतो. टपरी बंद पडली तर निर्देशांकाला पत्ताही लागत नाही; टपरी त्यात नाहीच. उलट, निर्देशांक पडला म्हणून कंत्राटी सफाई कामगाराची मजुरी त्याच दिवशी कमी होत नाही. ती कळायला केंद्राचे श्रमबल सर्वेक्षण उघडावे लागते.