अंगात नसलेला कोट फोटोतही नको

तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत पासपोर्ट साइज फोटो काढायला गेलं, की फ्लॅश पडल्यावर हमखास एक प्रश्न येतो: "कोट लावून देऊ का?" कॉम्प्युटरमध्ये कोट-टायचे तयार साचे असतात. निळा, काळा, करडा. बायकांसाठी कॉलरचा ब्लेझर. गिऱ्हाईक हो म्हणालं, की त्याची मान शर्टाच्या वर कापायची, साच्यावर बसवायची, कडा थोड्या पुसट करायच्या आणि आठ प्रती छापून हातात द्यायच्या. साडी नेसून आलेली बाई पाच मिनिटांत ब्लेझर घालून बाहेर पडते.

घरातल्या भिंतीवर किंवा लग्नाच्या बायोडेटावर असा फोटो लावला, तर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण हाच फोटो पासपोर्टच्या, व्हिसाच्या, स्पर्धा परीक्षेच्या अर्जावर चिकटतो, तेव्हा तो चुकीच्या जागी गेलेला असतो. या प्रथेच्या बाजूने जे बोललं जातं ते उथळ नाही. म्हणून आधी ते नीट ऐकून घेऊ.

पहिला मुद्दा असा, की माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते, कपड्यांवरून नाही. मग शर्टाच्या जागी कोट आला म्हणून काय बिघडलं? यातलं पहिलं वाक्य खरं आहे. विमानतळावरची यंत्रणा चेहरा ताडून बघते, कॉलर बघत नाही. बिघडतं ते पुढे, कारण कोट नुसता कपड्यांपाशी थांबत नाही. सोलापूरचा एक मुलगा एमएससाठी अमेरिकेला निघालाय असं समजा. अमेरिकेच्या व्हिसाला चौकोनी फोटो लागतो, ५१ मिलिमीटर बाय ५१ मिलिमीटर, आणि त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं २५ ते ३५ मिलिमीटर असावं लागतं. स्टुडिओतला साचा मात्र भलत्याच कुणाच्या तरी खांद्यांवरून केलेला असतो. मुलगा किरकोळ असेल, तर त्याची मान त्या कॉलरमध्ये सैल दिसते. मग डोकं थोडं मोठं करतात, कधी नुसतं आडवं ताणतात. आडवं ताणलं की गाल रुंद होतात, आणि चेहऱ्याची मूळ मापं तिथेच बदलतात. हनुवटीखालची खरी सावली शर्टाबरोबर कापली जाते. प्रकाश चेहऱ्यावर डावीकडून पडलेला असतो आणि कोटाची चमक उजवीकडे असते. मानेवर रुळणारे केस पुसले जातात, कानाची पाळी थोडी छाटली जाते. मानेच्या रंगाशी चेहरा जुळावा म्हणून शेवटी सगळ्यावरच हलका 'स्मूथ'चा हात फिरतो आणि ओठाजवळचा तीळ फिका पडतो. मागितला होता फक्त कोट.

असा फोटो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तो स्क्रीनवर मोठा करा आणि हनुवटीपासून खांद्यापर्यंतची रेषा बघत जा. कॉलरला लागून पांढुरकी किनार दिसते, चेहऱ्याचा पोत रवाळ आणि कोटाचा गुळगुळीत असतो, खांदे अगदी सरळ आणि डोकं मात्र जरा कललेलं असतं. एकाच दुकानातून आलेल्या दहा अर्जदारांच्या कोटाला एकाच जागी एकच सुरकुती असते.

दुसरा मुद्दा हेतूचा. आम्ही काही लपवत नाही, जरा नीटनेटकं दिसावं एवढीच इच्छा, मग एवढा काच कशाला? या प्रश्नाचं उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत युरोपात जे घडलं त्यात आहे. २०१४ साली इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन माणसांचे चेहरे कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळून असा एक फोटो करता येतो, जो यंत्राच्या मते दोघांशीही जुळतो. तो पासपोर्टवर लागला, तर एकाच पासपोर्टवर दोघं प्रवास करू शकतात. २०१८ साली जर्मनीतल्या 'पेंग!' नावाच्या कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने ते करूनच दाखवलं. आपल्यातल्या एकीचा चेहरा आणि युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळून त्यांनी फोटो केला आणि त्यावर खरा जर्मन पासपोर्ट मिळवला. पुढे जर्मनीने नियमच बदलला. १ मे २०२५ पासून तिथे पासपोर्टसाठी कागदावरचा फोटो चालत नाही. तो कार्यालयातच काढायचा, नाहीतर मान्यताप्राप्त छायाचित्रकाराने सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयाकडे पाठवायचा. मधे अर्जदाराच्या हातात फाइल येतच नाही.

फोटो तपासणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नसतो. त्याला दिसते फक्त छेडछाडीची खूण. मानेवरची शिवण कोटासाठी आली की चेहरा बदलण्यासाठी, हे त्या शिवणीवरून सांगता येत नाही. म्हणून नियम सरसकट केले जातात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं सॉफ्टवेअर, मोबाइल अ‍ॅप, फिल्टर किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून फोटोत कसलाही बदल करू नका, असं स्पष्ट सांगतं. परदेशातून भारतीय पासपोर्टचा अर्ज करणाऱ्यांना आपल्या वकिलातींची सूचनाही हीच आहे: फोटोत सॉफ्टवेअरने फेरफार नको. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावाकडून कोट लावून आलेले जुने फोटो म्हणूनच बाजूला ठेवावेत.

"पण आमच्याकडे चालतं की!" हा तिसरा मुद्दा. काही ठिकाणी आजवर चाललं, हे खरं. परंतु परीक्षांचं बघा. लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या सूचनेनुसार उमेदवार प्रत्येक टप्प्यावर अर्जातल्या फोटोसारखाच दिसला पाहिजे. फोटोत दाढी असेल, तर पूर्वपरीक्षेपासून मुलाखतीपर्यंत दाढी असावी, इतकं ते स्पष्ट आहे. अनेक परीक्षांच्या दारात उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाच्या हातात यंत्र नसतं. त्याच्याकडे प्रवेशपत्रावरचा बोटभर फोटो असतो, समोर रांग असते आणि एकेका उमेदवारासाठी काही क्षण असतात. गोरा केलेला, रुंद केलेला, कोटातला चेहरा आणि समोर उन्हातून आलेली, वेणी घातलेली मुलगी यांचा मेळ त्याला त्या क्षणांत घालायचा असतो. शंका आली तर वेळ जातो तो मुलीचा. दुकानदार तिथे नसतो.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो, आणि त्याला उडवून लावणं मला पटत नाही. ज्याच्याकडे कोट नाही, त्याने साहेबासमोर गबाळं का दिसावं? शेतमजुराच्या मुलाला एकदा तरी टायमध्ये दिसावंसं वाटलं, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. जुन्या स्टुडिओत खुंटीवर खरा कोट टांगलेला असायचा, शेजारी आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा. तो कोट अंगात चढवून काढलेला फोटो पूर्णपणे खरा होता, कारण कॅमेऱ्यासमोर माणूस तसाच उभा होता. स्टुडिओवाल्यांनी ती खुंटी परत आणावी, मी त्यांच्या बाजूने आहे. माझा विरोध एका समजुतीला आहे: सरकारी कागदावर उमटायला आपला सदरा, आपली साडी, आपली ओढणी कमी पडते, ही ती समजूत. पासपोर्टच्या नियमात कोट घाला असं कुठेही म्हटलेलं नाही. अमेरिकेच्या सूचना तर रोज घालता ते कपडे घाला, असंच सांगतात. गणवेश मात्र चालत नाही. धर्मामुळे डोक्यावर रोज काही असेल तर तेही राहू शकतं. चेहरा पूर्ण दिसला आणि त्यावर सावली पडली नाही की झालं. बाईच्या खांद्यावरचा पदर पुसून तिथे ब्लेझर बसवायला कुणीही सांगितलेलं नाही. ते आपण आपल्यावरच लादून घेतलं आहे.

मग कोट इतका पसरला कशामुळे? त्याचं एक साधं, तांत्रिक कारण आहे, आणि उपायही त्यातच आहे. बहुतेक फोटोंना पांढरी पार्श्वभूमी लागते आणि आपल्याकडे फोटोला जायचं म्हणजे पांढरा शुभ्र शर्ट घालून जायची पद्धत. पांढऱ्यावर पांढरं आलं की खांदे नाहीसे होतात आणि मुंडकं अधांतरी दिसतं. ते झाकायला गडद कोट सोयीचा पडतो. तेव्हा पांढरा, फिका क्रीम, फिका पिवळा टाळा. निळा, मरून, गडद हिरवा, एकरंगी किंवा बारीक नक्षीचा कपडा घाला. साडी असेल तर गडद काठाचा पदर खांद्यावर नीट पिन करून घ्या. कॉलर मानेभोवती बसलेली असू द्या, कारण फोटोत कपड्याचा दिसतो तो भाग एवढाच. चष्मा काढा, अमेरिकेच्या व्हिसाला तर २०१६ च्या नोव्हेंबरपासून तो चालतच नाही.

घरी काढायचा असेल, तर पांढऱ्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे राहा, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. तोंड खिडकीकडे, वेळ दिवसाची. मोबाइल दुसऱ्याने धरावा, मागच्या कॅमेऱ्याने, चार-पाच फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर. सेल्फीत मोबाइल जवळ असतो, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ब्युटी मोड आणि पार्श्वभूमी धूसर करणारा मोड बंद ठेवा. हा दुसरा मोड केसांच्या आणि कानांच्या कडा खातो. कपडा वाईट दिसला, सुरकुती आली, पदर घसरला, तर बदल कपड्यात करा आणि फोटो पुन्हा काढा.

त्यानंतर फाइलवर करण्यासारखं थोडंच उरतं: ठरलेल्या मापात कापणं आणि आकार कमी करणं. अमेरिकेच्या व्हिसाची फाइल २४० केबीच्या आत हवी, लांबी-रुंदी समान, ६०० ते १२०० पिक्सेल. भारतीय वकिलातींच्या पासपोर्ट अर्जाला ६३० बाय ८१० पिक्सेल लागतात. लहान करताना उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात बदलते ना, एवढं बघा.

स्टुडिओत काढायचा असेल तर फ्लॅश पडायच्या आधीच सांगा: "कोट नको, स्मूथ नको, बॅकग्राउंड बदलू नका, फक्त मापात कापून द्या. आणि मूळ फाइलही द्या." ती मूळ फाइल तारखेच्या नावाने जपून ठेवा; कार्यालयाने फोटोवर शंका घेतली, तर दाखवायला तीच कामी येते. भारतातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात प्रौढांचा फोटो खिडकीवरच काढतात, तिथे साचा उपलब्ध नसतो आणि तो पासपोर्ट १० वर्षं चालतो. तेव्हा भेटीच्या दिवशी सकाळी जो कपडा अंगात घालाल, तोच १० वर्षं दिसणार आहे. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो मात्र घरून न्यावा लागतो. बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवा, वरून फोटो घ्या, आधार देणारा हात चौकटीत येऊ देऊ नका, आणि झबलं रंगीत असू द्या.