फोटोखालची ओळ

माझी भाची पुण्यात एका कंपनीत काम करते. परवा तिने एक फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘मामू, याच्याखाली टाकायला दोन ओळी मराठीत लिहून द्या ना. ऑफिसच्या ग्रुपवर जाणार आहे. त्यांनी एक मसुदा केलाय, पण मला तो कसासाच वाटतोय.’

फोटो ऑफिसच्या आवारातल्या गरब्याचा. नऊ जणं, चनिया चोळ्या, केडियू, आरसेकाम, सगळे घामाघूम आणि हसरे. मसुदा असा: ‘नवरंगांची उधळण! आपली संस्कृती, आपला अभिमान. दांडियात रंगलेली आमची टीम, आणि सोबत आमची मुस्लिम मैत्रीणसुद्धा!’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण शिक्षकाची खोड, लाल पेन हातात आलंच.

पहिली गोष्ट, फोटोत एकाच्याही हातात टिपरी नाही. हात टाळीसाठी उचललेले आहेत. म्हणजे हा गरबा, दांडिया नव्हे. गरब्याच्या मधोमध मूळचा दिवा असतो, भोकं पाडलेल्या मातीच्या घटातला, आणि त्याच्याभोवती फेर धरतात. टिपऱ्यांचा खेळ म्हणजे रास, तो वेगळा. ‘नवरंग’ही इथे बसत नाही. वाराप्रमाणे रंग ठरवून सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे, ही वर्तमानपत्रांनी रुजवलेली अलीकडची चाल, आणि ती ऑफिसात दिवसा पाळली जाते. त्या शुक्रवारी सगळे हिरव्यात होते म्हणे, आणि ‘आज तर तुझाच रंग’ असा विनोद भाचीला चार वेळा ऐकावा लागला. संध्याकाळच्या फोटोत मात्र हिरवं एखाददुसरंच आहे.

या चुका किरकोळ. माझं पेन अडलं ते ‘सुद्धा’वर. नऊ माणसं उभी आहेत, त्यातल्या आठांना काही विशेषण नाही, एकीला आहे. ‘सुद्धा’ म्हणजे ती एरवी नसायला हवी होती, आम्ही घेतली. कौतुकाने लिहिलेलं असलं तरी वाचणारा आधी तिलाच शोधणार. आणि हा फोटो ऑफिसच्या ग्रुपवरच थांबेल याची हमी कोण देणार? काही शहरांत गरब्याच्या दारात ओळखपत्रं तपासतात, हे आपण वाचतो. इकडे आपल्यातही कुणाच्या मुलीने कुठे काय घातलं याचा हिशेब ठेवणारे कमी नाहीत. दोन्हीकडच्या माणसांना ती एक ओळ पुरेशी आहे.

मी तिला विचारलं, ‘आरतीला होतीस?’

‘नाही मामू. तेव्हा मी चहाच्या टेबलापाशी होते. नंतर फेरात गेले. सगळ्यांना माहीत आहे, कुणी काही म्हणत नाही.’

मग मी ‘निव्वळ नाच आहे, त्यात धर्म कुठे’ असं लिहून तिची सोडवणूक करावी का? मन होत नाही. त्या फेरात दोघीतिघी नऊ दिवस उपास करणाऱ्या आहेत. त्यांच्यासाठी ती देवीची उपासना आहे. आपली मुलगी अडचणीत येऊ नये म्हणून त्यांच्या उपासनेला नाच म्हणून हलकं करणं मला बरोबर वाटत नाही. आणि ‘आपली संस्कृती’ लिहून भाचीला त्या उपासनेत सामील करणंही बरोबर नाही. ओळीने कुणाच्या श्रद्धेबद्दल बोलूच नये. कोण, कुठे, कधी, एवढं सांगावं आणि थांबावं.

एक गोष्ट मात्र लिहावीशी वाटली होती. भाचीच्या अंगावरची ओढणी अजरखची आहे, गडद निळी आणि मंजिष्ठाची लाल. ती मैत्रिणीची, कच्छहून आणलेली. कच्छातलं अजरख पिढ्यान् पिढ्या मुसलमान खत्री घराण्यांनी छापलं. धमडका हे त्यांचं जुनं गाव, आणि 2001च्या भूकंपानंतर वसवलेलं अजरखपूर हे नवं. ठसे, नीळ, वारंवार धुणं, आणि मग कुठे तो रंग बसतो. भूजकडच्या बांधणीच्या कामातही खत्री आहेतच, आणि बन्नीतल्या मुतवा बायकांचं बारीक आरशांचं भरतकाम प्रसिद्ध आहे. हे फोटोखाली घातलं असतं तर ते ‘सुद्धा’चंच उत्तर झालं असतं, थोडं चढ्या आवाजातलं. म्हणून ते इथे लिहिलं, तिथे नाही.

मी पाठवलेली ओळ: ‘नवरात्रातला शुक्रवार, ऑफिसच्या आवारातला गरबा. डावीकडून,’ आणि पुढे उभे असलेल्या क्रमाने नऊ नावं, आडनावांशिवाय. टाकण्याआधी नऊही जणांना विचार, असंही कळवलं. त्यातल्या एकाने नको सांगितलं. तो आजारी म्हणून सुट्टीवर होता आणि संध्याकाळी नाचायला आला होता! मग त्याच्याविना काढलेला दुसरा फोटो निवडला आणि नावं आठ झाली.

तो फोटो माझ्या बहिणीपर्यंत पोचला. तिने लेकीला फोन करून एवढंच विचारलं, ‘ओढणी कुणाची? परत कर आठवणीने, आणि गरम पाण्यात घालू नको.’